नव्या फोनात निकिता नको

साळूचा जुना फोन टेबलावर सपाट बसेना, तेव्हाच मी ओळखलं की याचे दिवस भरले. बोट लावलं की पाळण्यासारखा डुलायचा. आतली बॅटरी फुगली होती. इंदिरानगरच्या नाक्यावर महेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने फोन उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "मावशी, यातलं सगळं नव्या फोनात न्या आणि हा मला आणून द्या. एखाद्या दिवशी बंद पडला तर उठायचा नाही. आणि साळूबाईंना सांगा, उशाशी घेऊन झोपू नका."

साळू म्हणजे साळूबाई, आमच्या संघटनेची अध्यक्ष. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करणाऱ्या बायांची ही संघटना. इंदिरानगरात एका इमारतीच्या तळमजल्यावर आमची खोली आहे, तिची किल्ली माझ्याकडे असते. साळू नांदगावची, मी दिंडोरीकडची. तेवीस वर्षांपूर्वी एकाच पॅकहाऊसमध्ये एकाच दिवशी कामाला लागलो. गळ्यात घालायचे बिल्ले मिळाले, तिचा सत्तावीस, माझा अठ्ठावीस. तेव्हापासून रांगेत, जेवायला, मोर्चात ती पुढे आणि मी तिच्या मागे. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. माझ्या पुढे तीच आहे, एवढं पुरत होतं.

अक्षरंही तिनेच शिकवली. मी बेचाळीस वर्षांची होते. दुपारच्या सुट्टीत खोक्याचं झाकण फाडायचं, त्यावर ती जाड पेनने 'म' काढायची आणि मी त्यावरून बोट फिरवायचे. पहिल्यांदा माझं नाव मी द्राक्षांच्या खोक्यावरच लिहिलं. ते खोकं परदेशात गेलं असेल.

तर, फोन. आमची सगळी बोलणी एका निळ्या चिन्हाच्या अॅपवर चालतात. त्याला आम्ही नुसतं 'निळं' म्हणतो. आधी साध्या ग्रुपवर बोलायचो, पण तिथलं बोलणं मालकाच्या माणसांपर्यंत पोचायला लागलं. मग निकिताने हे आणलं. तिने समजावलं होतं की यातले निरोप फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनात राहतात. वर कुठे त्यांची नक्कल साठवली जात नाही. फोन गेला की निरोप गेले. बायांना हेच आवडलं. आमचा नियमही तसाच आहे. बाईने जे जिच्या हाती दिलं ते तिच्यापाशीच राहतं. पुढे पाठवायचं नाही, फोटोंच्या कप्प्यात उतरवून ठेवायचं नाही.

निकिता वकिलीची परीक्षा पास झालेली पोरगी, वय चोवीस, कळवणची. दोन वर्षांपूर्वी आली. मला मावशी म्हणते, साळूला ताई. साळू तिला निकू म्हणते. साळूने कोणाचं नाव असं आखूड करून घेतलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. माझं नाव मुळात दोन अक्षरांचं, त्याचं काय आखूड करणार.

मला साळू आवाज पाठवायची. फोनचं बटण दाबून बोलायचं आणि सोडायचं. "मैने, चहा पावडर संपली हाय, येताना आण." "मैने, त्या चांदवडच्या बायांना फोन कर." निकिताला मात्र ती लिहायची. खोलीत समोर बसून, चष्मा नाकावर ओढून, एकेक अक्षर शोधत, दहा-दहा मिनिटं. मी विचारलं, काय एवढं लिहितेस? म्हणायची, "कामाचं हाय." जिला मुळातच वाचता येतं तिला लिहायचं, आणि जिला आपण स्वतः शिकवलं तिला चहा पावडर तोंडी सांगायची. मला वाटायचं, साळू विसरली की मला वाचता येतं.

त्या बुधवारी दुपारी फोन बदलायचा ठरला होता, कारण गुरुवारी अकरा वाजता कलेक्टर ऑफिसात, कामावरच्या बायांच्या छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्थानिक समितीपुढे हर्षालीची तारीख होती.

हर्षाली बावीस वर्षांची, ग्रेडिंगला बसायची. तिथला सुपरवायझर तिला रोज रात्री घाण निरोप पाठवायचा. तिने त्या निरोपांचे अकरा फोटो काढून निळ्यावरून साळूला पाठवले. आठवड्याभरात तिच्या भावाने तिच्या हातात फोन पाहिला आणि दगडाने ठेचला. तिच्याकडचं सगळं गेलं. राहिले ते साळूच्या फोनातले अकरा फोटो. निकिताने एकदा ते आपल्याकडे मागितले होते. हर्षाली नाही म्हणाली. "साळूबाईंनी पाहिलं तेवढं बास. समितीला दाखवा, पण साळूबाईंच्या हातातूनच." साळूने शब्द दिला आणि पाळला.

साळूचा मुलगा हर्षल पुण्याला असतो, त्याने नवा फोन पाठवला होता. निकिता घरी सण म्हणून कळवणला गेलेली. जाण्याआधी तिने मला सगळं शिकवलं आणि मी ते माझ्या वहीत उतरवून घेतलं. ती पानं अजून आहेत. "एक. नव्या फोनात निळं टाकायचं, पण नंबर घालायचा नाही. दोन. पहिल्याच पानावर 'जुन्या फोनातून खातं आणा' दाबायचं. तीन. जुन्या फोनात सेटिंग, खातं, 'खातं हलवा'. चार. दोन्हीकडे वायफाय आणि लोकेशन चालू. पाच. दोन्ही पडद्यांवर आकडे येतात, ते जुळले तरच पुढे. सहा. दोन्ही फोन जवळ, पडदे चालू, हात लावायचा नाही."

निकिताने सहाव्याखाली रेघ मारायला लावली होती आणि वर सांगितलं होतं, "मावशी, एक लक्षात ठेवा. 'नवीन सुरुवात' असंही एक बटण दिसेल. ते दाबून नंबर घातला तर खातं नव्या फोनावर जाईल, पण जुने निरोप येणार नाहीत. रिकामं येईल."

"रिकामं म्हणजे सगळंच?"

"सगळंच. यात निवडानिवड नसते. आलं तर सगळं येतं, नाही तर काहीच नाही."

साळू कलेक्टर ऑफिसला साक्षीदारांची यादी द्यायला गेली. जाताना दोन्ही फोन माझ्यापुढे ठेवले. "मैने, तू कर. मला त्यातलं नाय कळत. पिन तुला ठाव हाय." पिन मीच ठेवला होता, दोन सात दोन आठ. साळूला तो कधी आठवायचा नाही. मधूनच निळं तो विचारायचं आणि ती फोन माझ्यापुढे धरायची.

मी जुना फोन उघडला. सेटिंगात जायच्या आधी नावांची यादी समोर येते. सगळ्यात वर निकिता, टाचणी मारून बसवलेली. टाचणी मारली की ते नाव खाली जात नाही, कोणी किती निरोप पाठवले तरी. त्याखाली हर्षाली, मग पिंपळगावचा गट, मग तिचा हर्षल. माझं नाव दिसायला यादी बोटाने वर ढकलावी लागली. सातवं होतं. आणि निकिताच्या नावाखाली शेवटच्या निरोपाची ओळ दिसत होती. साळूनेच लिहिलेली. "मैनाला इतक्यात सांगू नको."

मी उघडून वाचलं नाही. दुसऱ्याचं वाचायचं नाही हा आमचा नियम, आणि त्या नियमाची पाटी माझ्याच अक्षरात भिंतीवर आहे. पण दिसलेली ओळ पुसता थोडीच येते. मी पाणी प्यायले. खिडकी उघडली, बंद केली. काय सांगायचं नाही मला? तेवीस वर्षांत साळूच्या घरातलं मला माहीत नाही असं काही नव्हतं. तिचा नवरा कसा गेला, तेव्हा ती का रडली नाही, हेसुद्धा. आणि आता कळवणची एक पोरगी आणि ती मिळून माझ्यापासून काही झाकत होत्या.

मला वाटलं, एवढं एक नाव नव्या फोनात येऊ नये. बाकी सगळं यावं, हे नको.

त्या एका नावाचे निरोप तेवढेच पुसता आले असते. पण मग चोरी दिसली असती. सगळंच आलं नाही, तर चूक दिसेल. म्हातारी बाई, उशिरा शिकलेली, दोन बटणांत गोंधळली. कोणीही पटवून घेईल. हर्षालीचे फोटो जुन्या फोनात आहेतच, उद्या समितीला तोच दाखवू. मग महेशला देऊन टाकू. त्याच्याबरोबर ती टाचणीही जाईल. हे सगळं मी शांतपणे ठरवलं, हे मला सांगितलंच पाहिजे. रागाच्या भरात झालं असं म्हणता येणार नाही.

नव्या फोनात निळं उघडलं. दोन्ही बटणं समोर होती. मी दोन्ही वाचली. वरचं वाचलं, खालचं वाचलं, पुन्हा वरचं वाचलं. आणि 'नवीन सुरुवात' दाबलं.

नंबर घातला. जुन्या फोनात सिम होतं, त्यावर सहा आकडे आले, ते नव्यात टाकले. पिन विचारला. सत्तावीस, अठ्ठावीस. साळूचं नाव आलं आणि खाली सगळं पांढरं. एकही निरोप नाही. मला बरं वाटलं. दहा-पंधरा मिनिटं खरोखर बरं वाटलं. मी चहा केला.

जुन्या फोनात वर लाल पट्टी आली होती, हा फोन आता नोंदलेला नाही म्हणून. पण खाली निरोप सगळे जागेवर होते. मी पाहून खात्री केली. मग नव्या फोनाची बॅटरी कमी दिसली म्हणून जुन्याची वायर काढून त्याला लावली. वायर आमच्याकडे एकच.

साडेतीनला माझा फोन वाजला. निकिता. मागे बसचा आवाज येत होता.

"मावशी, फोन बदलून झाला का?"

"झाला."

"कसा केला? म्हणजे, कोणतं बटण दाबलं पहिल्यांदा?"

तिला कसं कळलं, हा विचार.

"मी आत्ता ताईंना निरोप पाठवला, उद्याच्या कागदांचा," ती म्हणाली. "तर मध्ये ओळ आली, ताईंचा सुरक्षा क्रमांक बदलला म्हणून. जुन्या फोनातून सगळं उचलून नेलं तर हा क्रमांक तोच राहतो. नव्याने नोंदणी केली तरच बदलतो. मावशी, निरोप आलेत का नव्या फोनात?"

"नाही."

तिचा आवाज मऊ झाला, लहान मुलाशी बोलताना होतो तसा. "बरं, घाबरू नका. जुना फोन आहे ना? निळं काढून टाकलं नाही ना त्यातून? मग काही गेलेलं नाही. फक्त तो चालू राहू द्या."

मी जुना फोन हातात घेतला. पडदा काळा होता. बाजूचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. धरून ठेवलं.

"बंद झालाय," मी म्हणाले.

"चार्जर लावा."

वायर लावली. काही झालं नाही. फुगलेला फोन टेबलावर वाकडा पडून होता, आणि मला पहिल्यांदा हर्षाली दिसली. तिने दोन्ही हातांनी ओढणी घट्ट धरून साळूला सांगितलं होतं, फक्त तुमच्या हातातून. त्या अकरा फोटोंशिवाय उद्या समितीपुढे तिच्याकडे नुसतं तोंड होतं, आणि समोर सुपरवायझरचा वकील. मी टाचणीचा हिशेब केला होता, बॅटरीचा विसरले.

"मावशी, आहात का?"

तेवढ्यात दार लोटून साळू आत आली. घामाघूम, हातात पिशवी. "दिली यादी. त्या बाईनं शिक्का मारायला दीड तास लावला. झालं का गं फोनचं?" माझं तोंड पाहून थांबली. "काय झालं?"

मी फोन स्पीकरवर टाकला. निकिताने ऐकलं की ताई आल्या, आणि तिनेच सांगायला सुरुवात केली. "ताई, काही विशेष नाही. बटणं दोन होती, सारखीच दिसतात. मावशींकडून चुकून दुसरं दाबलं गेलं. माझीच चूक, मी थांबायला हवं होतं. त्यांना वाचायला जरा…" तिथे ती अडखळली. "म्हणजे अक्षरं फार बारीक असतात त्यात."

साळू माझ्याजवळ आली आणि खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे मैने. व्हतं असं. तुला त्यातलं कुठं येतं. मीच तुझ्या गळ्यात टाकलं."

मी ठरवलं होतं त्याप्रमाणेच सगळं चाललं होतं. माझा एक शब्दही न खर्चता दोघींनी मला माफ करून टाकलं. फक्त हो म्हणायचं होतं.

"सारखी नाहीत ती बटणं," मी म्हणाले. "एकावर 'जुन्या फोनातून खातं आणा' लिहिलंय. दुसऱ्यावर 'नवीन सुरुवात'. अक्षरं मोठी आहेत. मी दोन्ही वाचली. वाचूनच दाबलं."

साळूचा हात खांद्यावरून उचलला गेला.

"म्हंजे?" साळू म्हणाली.

"निकिता नको होती नव्या फोनात."

इतकं उघडं बोलल्यावर मला वाटलं, जमीन बिमीन हलेल. काही हललं नाही. बाहेर भाजीवाला मेथीचा भाव सांगत गेला. साळू खुर्चीवर बसली, चष्मा काढून पदराने पुसायला लागली. फोनमधून निकिताच बोलली, आणि आता तिचा आवाज मऊ नव्हता.

"मावशी, हर्षालीचं माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं. वाटलं जुना फोन आहे."

"आहे का?"

मी टेबलाकडे पाहिलं. काळ्या पडद्यावर बॅटरीचं लहानसं चित्र उजळलं होतं. रिकामं, तळाशी एक लाल रेघ. "चार्जिंग दाखवतोय."

"मग दहा मिनिटं हात लावू नका. आणि वायर काढू नका, काहीही झालं तरी." मग म्हणाली, "माझ्याबद्दल नंतर बोला. आधी ते करा." आणि फोन ठेवला. तिचं ते बोलणं मला आवडलं, हेही सांगते. त्या दिवशी माझ्याशी बरोबरीने बोललेली ती पहिलीच.

दहा मिनिटं आम्ही दोघी त्या फोनाकडे बघत बसलो, दवाखान्यात बसतात तशा. मग मी बटण धरलं. कंपनीचं नाव आलं. साळूने हात जोडले. मी म्हटलं, "नमस्कार काय करतेस त्याला." ती म्हणाली, "तू गप. तुझ्याशी मी बोलत नाय."

फोन उठला. निळं उघडलं. लाल पट्टी होती, आणि खाली सगळी नावं. मी हर्षालीचं नाव साळूपुढे धरलं. "तूच उघड, मी नाही." तिने उघडलं. मोजले. अकरा.

मग मी कामाला लागले. लाल पट्टी दाबून जुन्याच फोनावर पुन्हा नोंदणी केली. आकडे आले, टाकले. पिन टाकला. पट्टी गेली, खातं परत जुन्या फोनात आलं. नव्या फोनातून निळं पूर्ण काढून टाकलं, कारण एकदा नोंदणी झाली की ते पहिलं पान परत येत नाही. पुन्हा टाकलं. पहिलं पान आलं, दोन बटणं. साळू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"कुठलं?" ती म्हणाली.

"वरचं."

"वाच मोठ्यानं."

मी वाचलं. तिने स्वतः बोट लावून दाबलं.

जुन्यात सेटिंग, खातं, खातं हलवा. दोन्हीकडे वायफाय, दोन्हीकडे लोकेशन. दोन्ही फोन एकमेकांना शोधत बसले. यात ते इंटरनेटवरून जात नाहीत, हवेतूनच थेट एकमेकांशी जोडले जातात, म्हणून जवळ ठेवावे लागतात. जरा वेळाने दोन्हींवर आकडे आले. जुना साळूने हातात घेतला, वायरसकट. नवा मी.

"चार," साळू म्हणाली.

"चार."

"शून्य. नऊ."

"शून्य, नऊ."

"नऊ."

"किती नऊ?"

"दोन नऊ गं. कान देऊन ऐक."

शेवटपर्यंत जुळले. दोघींनी आपापल्या पडद्यावर 'जुळतात' दाबलं. आणि निरोप निघाले. पडद्यावर संख्या चढायला लागली. दोनशे, नऊशे, तीन हजार.

आता फोनांना हात लावायचा नव्हता आणि वायर सैल, म्हणून टेबलाला धक्काही नको. उठून जाणं शक्य नव्हतं. साळूला माझ्याशी बोलायचं नव्हतं, आणि दुसरं करायलाही काही नव्हतं. चार हजारांवर तिने तोंड उघडलं.

"काय वाचलंस तू त्यातलं?"

"उघडलं नाही. वरची ओळ दिसली. मैनाला इतक्यात सांगू नको."

तिने मान हलवली. "पुढच्या सभेत मी पदावरून उतरणार हाय. अध्यक्ष निकूला करायचं म्हणते."

मी संख्येकडे बघत राहिले. पाच हजार दोनशे. मला वाटलं होतं ते खोटं निघालं नाही. मी जळत होते ते उगाच नव्हतं, एवढंच कळलं, आणि त्याने काही थंडावा आला नाही.

"मला का सांगायचं नव्हतं?"

"भांडली असतीस."

"असतेच."

"मंग."

"तेवीस वर्षं मी तुझ्या मागे उभी राहिले, साळू. एकदा तरी मागे वळून विचारायचं."

"विचारलं असतं तर तू म्हटलं असतंस का, मला कर?"

मी विचार केला. "नसतं म्हटलं."

"तुला नको, आणि तिलाबी नको."

"तिला नको," मी म्हणाले. खरं तेच होतं.

साळू हसली नाही, पण रागावलीही नाही. जुन्या फोनाची पाठ गरम झाली होती, तिने खाली वही सरकवली. माझीच वही.

"आणि तिला लिहितेस," मी म्हणाले. एकदा सुटलं तर सगळंच सुटू दे. "मला आवाज पाठवतेस. मला वाचता येतं, साळू. तूच शिकवलंस."

खरंच नवल वाटलं तिला. "त्याचं काय आता? तुझ्याशी बोलायला मला डोकं लागत नाय. बटण दाबलं, बोलले, सोडलं. तिला लिहिते तवा चार येळा पुसते. ती शिकलेली, चुकलं तर काय म्हणंल. दहा मिनिटं लागत्यात दोन ओळींना, घाम फुटतो."

हे मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं, पण तो घाम मी समोर बसून पाहिला होता, आणि त्याचं नाव भलतंच ठेवलं होतं. बरं वाटलं. तरी हेही कळत होतं की अध्यक्षपदाचं उत्तर यात नाही. जिच्याशी बोलायला डोकं लागत नाही तिला डोकं लागेल ते काम कोण देणार.

"मला पण लिही एखाद्या वेळी," मी म्हणाले.

"काय लिहू?"

"चहा पावडरच लिही."

सात हजार चारशेला संख्या थांबली. मग पडदा बदलला. जुन्या फोनाने सांगितलं, निरोप हलवून झाले, आता नव्या फोनावर पुढे जा. त्यात निळं आता कुलूप लावल्यासारखं बसलं, नावं नाहीत, काही नाही. नव्या फोनाने नंबर मागितला. आकडे जुन्या फोनातल्या सिमवर आले, साळूने वाचून दाखवले. पिन मागितला.

"सत्तावीस," मी टाकत म्हणाले.

"अठ्ठावीस," ती म्हणाली. तिच्या लक्षात होता तर.

नावांची यादी उघडली. सगळ्यात वर निकिता, टाचणीसकट. खाली हर्षाली. साळूने उघडून पुन्हा मोजले, ओठ हलवत. अकरा. मग पुढची नावं. मी सातवीच होते. क्रम बदलायला नव्या फोनाने काही केलं नव्हतं, जसं होतं तसं उचलून आणलं होतं.

साळूने जुना फोन वायर काढून खिडकीत ठेवला, सावलीत. "उद्या समितीतून आल्यावर महेशला देऊ." मग पिशवी उचलून आतल्या नळावर तोंड धुवायला गेली. जाता जाता म्हणाली, "निकूला कळव. पोरगी बसमध्ये जीव मुठीत धरून बसली आसंल."

"आवाज पाठवू?"

"तुला लिहिता येतं ना," साळू आतून म्हणाली.

मी नवा फोन घेतला. निकिताचं नाव दाबलं. वरचं काही वाचायचं नाही म्हणून पडद्याच्या वरच्या भागावर तळहात ठेवला आणि खालच्या चौकटीत बोटाने अक्षरं शोधायला लागले. पहिल्यांदा लिहिलं, "काम झाले." पुसलं. लिहिलं, "माझ्याकडून चूक झाली." तेही पुसलं, कारण चूक झाली नव्हती, मी केली होती. तिसऱ्यांदा फार लांब झालं. नळाचं पाणी थांबलं तेव्हा माझ्या कपाळाला घाम आला होता. चौथ्यांदा पुसलं आणि एवढंच ठेवलं:

"सगळं आलं. अकराही. तुझंसुद्धा. मैना."